ओटीजीत चिकन टिक्का: बेक अन् ग्रिल एक नाही ना भाऊ

मागच्या रविवारी माझ्या चुलत भावाचा फोन आला, दादा टिक्का फसला म्हणे. नागपुरातच बेसा रोडला राहतो तो, नवीन ओटीजी घेतलाय, अर्धा किलो बोनलेस रात्रभर दह्यात ठेवलं होतं, दोनशेवर पंचवीस मिनिटं ठेवलं आणि बाहेर काय आलं तर पांढरेफटक तुकडे आणि ट्रेमध्ये पिवळं पाणी. चव बरी होती म्हणाला, पण टिक्का नाही वाटून राहिला, उकडलेलं चिकन वाटून राहिलं. मी विचारलं नॉब कशावर होता, तर म्हणे दोन्ही रॉडवर, अन् सळया सरळ ट्रेमध्ये आडव्या टाकलेल्या. म्हणजे त्यानं टिक्का ग्रिल केलाच नव्हता, बेक केला होता. ही गल्लत मी इतक्या घरी पाहिली आहे की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकतो.

बेकमध्ये वरचा आणि खालचा असे दोन्ही रॉड चालतात आणि त्यांचं काम म्हणजे आतली हवा आणि भिंती गरम करणं. मग ती गरम हवा तुकड्याला चारी बाजूंनी हळूहळू शिजवते. केकला, नानखटाईला, अख्ख्या कोंबडीला हे बरोबर आहे. पण टिक्क्याचा तुकडा लहान असतो, त्याच्यावर दह्याचा ओला थर असतो, आणि हवेला तो थर वाळवायलाच इतका वेळ लागतो की तोवर आतलं मांस शिजून पाणी सोडून बसतं. रंग यायच्या आधीच चिकन होऊन जातं. मग माणूस रंगासाठी अजून दहा मिनिटं ठेवतो आणि ते चिवट होतं.

ग्रिलमध्ये फक्त वरचा रॉड चालतो, तो लालभडक होतो आणि त्याची धग सरळ खाली पडते, जशी मे महिन्यात गच्चीवर उन्हात उभं राहिलं की डोक्याला चटका बसतो पण पायाखालच्या सावलीत तेवढा नाही. धग पडते ती बाजू भाजते, खालची बाजू नुसती कोमट होत राहते. मोमीनपुऱ्यात शिगेवर कबाब भाजताना निखारा खाली असतो, इथं तो निखारा वर टांगलाय एवढंच समजा. म्हणून बेकमध्ये ज्या दोन गोष्टींनी फारसा फरक पडत नाही, म्हणजे रॉडपासून अंतर आणि पलटणं, त्याच दोन गोष्टींवर ग्रिलचा सगळा खेळ आहे.

अंतराचं आधी सांगतो कारण भावानं दुसऱ्या खेपेला तिथंच मार खाल्ला. ग्रिलवर ठेव म्हटलं तर त्यानं जाळी अगदी वरच्या खाचेत लावली, रॉड आणि चिकनमध्ये जेमतेम दोन इंच. पाच मिनिटात वरून काळं, मसाला कडू, आणि कापून पाहिलं तर मधे गुलाबी कच्चं. इतक्या जवळून बाहेरचा थर इतका भरभर तापतो की उष्णता आत पोचायला वेळच मिळत नाही. उलट सात-आठ इंच खाली नेलं की धग विरते आणि पुन्हा बेकसारखंच होऊन बसतं. दीड इंची तुकड्यांसाठी माझं अंतर चार ते पाच इंच. आणि हे मोजायचं रॉडपासून तुकड्याच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत, जाळीपर्यंत नाही, कारण तुकडाच दीड इंच उंच असतो आणि त्यात अख्खा हिशोब चुकतो. ओव्हन थंड असताना शाळेची पट्टी आत घालून मोजून घ्या, एकदाच करायचं काम आहे.

मग काल संध्याकाळी मी स्वतःच गेलो त्याच्याकडे. मांडीचं बोनलेस घेतलं, छातीचं लवकर कोरडं पडतं. दही मलमलच्या कपड्यात दोन तास टांगलं कारण पातळ दह्याचं पाणी टिपकत राहतं आणि तुकडा भाजायच्या ऐवजी वाफलतो. एका सळईवर पाच तुकडे, मधे करंगळीएवढी फट ठेवून, कारण चिकटून लावले की जिथं चिकटतात तिथं पांढरेच राहतात. सळई चपटी घ्या, गोल सळई फिरवली तर नुसती सळई फिरते आणि तुकडा जागच्या जागी. लाकडी काड्या असतील तर अर्धा तास पाण्यात भिजवा आणि गोल असल्या तर दोन काड्या समांतर घाला. सळयांची टोकं खोल ट्रेच्या काठांवर टेकवली, म्हणजे तुकडे अधांतरी राहिले आणि गळलेलं पाणी खाली गेलं, ट्रेत फॉइल अंथरलं होतं.

नॉब फक्त वरच्या रॉडवर आणि तापमान अडीचशे, म्हणजे त्याच्या मशीनचं सगळ्यात जास्त. हे महत्त्वाचं आहे, कारण दोनशेवर ठेवलं की हवा तेवढी तापल्यावर थर्मोस्टॅट रॉड बंद करतो, रॉड काळा पडतो आणि ग्रिल थांबतं, तुम्ही मात्र मिनिटं मोजत बसता. दहा मिनिटं रिकामा तापवला, रॉड लाल झाला तेव्हाच सळया आत. दार लावायचं की थोडं उघडं ठेवायचं हे मशीनच्या पुस्तकात पाहा, प्रत्येकाचं वेगळं असतं, त्याच्यात बंदच ठेवायचं होतं.

सात मिनिटांनी पाहिलं तर वरचं दही सुकलं होतं आणि कडांना बारीक तपकिरी ठिपके, हीच पलटायची खूण, घड्याळापेक्षा हिच्यावर भरवसा ठेवा. पलटून बटर लावलं, पलटायच्या आधी नाही. दुसरी बाजू सहा मिनिटं, मग उभ्या दोन बाजू एकेक मिनिट. एकूण पंधरा. सगळ्यात जाड तुकड्याच्या मधोमध थर्मामीटर खुपसला, चौऱ्याहत्तर डिग्री पाहिजे होतं, शहात्तर आलं. थर्मामीटर नसेल तर तोच तुकडा कापा, आत गुलाबी काही नको आणि रस स्वच्छ निघाला पाहिजे. नुसता बाहेरचा रंग पाहून चिकन झालं समजू नका, लाल रंग तर काश्मिरी मिरचीचाही असतो.

एक गोष्ट आपल्या इकडची. उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्यांचे कूलर-एसी चालू झाले की काही वस्त्यांत व्होल्टेज पडतं. दोनशे तीसचं एकशे नव्वद झालं की रॉडची ताकद जवळजवळ एक तृतीयांश कमी होते, रॉड लाल न होता नुसता तांबूस राहतो. तेव्हा वेळ वाढवत बसू नका, चिकन वाळेल, जाळी एक खाच वर घ्या.

आणि ज्यांच्याकडे ग्रिलवाला मायक्रोवेव्ह आहे त्यांनी नुसतं ग्रिल वापरा, कॉम्बी नाही, कॉम्बीत मायक्रोवेव्हही चालू असतो आणि लोखंडी सळईनं ठिणग्या उडू शकतात.

दुसरी खेप लावली तेव्हा भाऊ पुन्हा सात मिनिटं मोजायला निघाला होता, मी थांबवलं. ट्रे, भिंती सगळं आधीच तापलेलं असतं, पाचव्या मिनिटालाच ठिपके आले होते.