शुगर-फ्री बिस्किटाचं पाकीट उलटं करून वाचताना

नागपुरात इतवारीत जा किंवा धरमपेठेत, किराणा दुकानाच्या फळीवर ‘शुगर-फ्री’ आणि ‘मल्टिग्रेन’ लिहिलेली बिस्किटं हमखास दिसतात. घरात कुणाला डायबिटीस असला की चहासोबत हीच आणली जातात आणि मग मोजून खायची गरज कुणाला वाटत नाही. पाकिटावरचा दावा बहुतेक वेळा खोटा नसतो. १०० ग्रॅममध्ये साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त नसेल, तर नियमाप्रमाणे ‘शुगर-फ्री’ म्हणता येतं. पण रक्तातलं ग्लुकोज काही एकट्या साखरेनं वाढत नाही, म्हणून पाकीट उलटं करायचं.

मागच्या तक्त्यात आधी ‘कार्बोहायड्रेट’ची ओळ शोधा. तिच्याखालच्या ‘टोटल शुगर्स’ आणि ‘अ‍ॅडेड शुगर्स’ या तिच्याच पोटातल्या ओळी आहेत, त्या वेगळ्या मिळवायच्या नसतात. टोटल शुगर्समध्ये ग्लुकोज, फ्रुक्टोज, साधी साखर, दुधातलं लॅक्टोज अशा लहान रेणूंच्याच साखरा मोजतात. मैद्यातला स्टार्च त्यात येत नाही. स्टार्च म्हणजे ग्लुकोजचीच लांब साखळी, आणि आतड्यात ती तुटली की ग्लुकोज रक्तात जातंच.

उदाहरणासाठी एक पाकीट धरू. वजन ८० ग्रॅम, आत १० बिस्किटं, म्हणजे एक बिस्कीट ८ ग्रॅमचं. तक्ता १०० ग्रॅमचा आहे: कार्बोहायड्रेट ६८ ग्रॅम, त्यात साखरेऐवजी गोडीसाठी घातलेले पोलिओल्स १० ग्रॅम, टोटल शुगर्स ०.४ ग्रॅम, फॅट २० ग्रॅम. एक ‘सर्व्हिंग’ दोन बिस्किटांचं छापलंय. चहासोबत खाल्ली जातात चार. चार बिस्किटं म्हणजे ३२ ग्रॅम. ६८ ला ३२ ने गुणून १०० ने भागलं की सुमारे २२ ग्रॅम कार्बोहायड्रेट येतं. त्यातले तीनेक ग्रॅम पोलिओल्सचे वगळले तरी १८-१९ ग्रॅम उरतं. ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत साधारण २० ग्रॅम असतं. म्हणजे ही चार बिस्किटं जवळपास एका पोळीएवढी झाली, वर सहा-साडेसहा ग्रॅम फॅट. जेवणातली पोळी कमी केली नाही, तर हा हिशेब दिवसाच्या बेरजेत वाढीवच राहतो.

आता घटकांची यादी. वजनाने सगळ्यात जास्त असलेला घटक पहिला, मग उतरत्या क्रमाने बाकीचे. आपल्या पाकिटात पहिला मैदा, दुसरं पाम तेल, तिसरं माल्टिटॉल, त्यानंतर माल्टोडेक्स्ट्रिन, आणि ओट्स, नाचणी अगदी मागे. ज्या धान्याचा समोर गाजावाजा केलाय, त्याचं प्रमाण यादीत टक्क्यात द्यावं लागतं. ओट्ससमोर ४ टक्के दिसलं, की ‘मल्टिग्रेन’ किती ते कळतं.

माल्टिटॉल हा पोलिओल. साखरेएवढं नाही, तरी ग्लुकोज थोडं वाढवतोच. पोलिओल्स जास्त पोटात गेले तर जुलाब होऊ शकतात, आणि ज्या पाकिटात ते भरपूर असतात त्यावर तसा इशारा छापलेला असतो. माल्टोडेक्स्ट्रिनवर मात्र खास लक्ष ठेवा. ती ग्लुकोजची आखूड साखळी आहे, पटकन पचते, ग्लुकोज झपाट्यानं वर नेते, आणि तिचा बहुतेक भाग टोटल शुगर्सच्या ओळीत दिसतच नाही. ‘शुगर-फ्री’ नसलेल्या पाकिटांवर ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, मध, गूळ अशी चार-पाच नावं विखुरलेली सापडतात. प्रत्येकाचं वजन थोडं, त्यामुळे प्रत्येक नाव यादीत खाली जातं. ती सगळी मनातल्या मनात एकत्र करून बघायची.

मागच्या तक्त्यातल्या टक्केवारीच्या रकान्याचा मात्र फारसा उपयोग नाही. तो २००० किलोकॅलरी खाणाऱ्या सर्वसाधारण माणसासाठी असतो आणि त्यात अ‍ॅडेड शुगर्सची मर्यादा ५० ग्रॅम धरलेली आहे. डायबिटीसवाल्यानं तिला आपला कोटा समजू नये. ब्लड प्रेशरही असेल तर सोडियमची ओळ बघून घ्या, खारी आणि मसाला बिस्किटांत ती चांगलीच फुगलेली असते.

लेबल वाचूनही शंका राहिली तर ग्लुकोमीटर आहेच. खाण्याआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा तपासा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच चहासोबत एका पोळीवर तेच करा. दोन्ही दिवशी वाढ सारखीच आली, तर ‘शुगर-फ्री’चा तुम्हाला किती फायदा ते समोर दिसेल.

इन्सुलिन किंवा ग्लुकोज फार खाली नेऊ शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना हेच लेबल उलट्या कामालाही लागतं. घाम, थरथर होऊन ग्लुकोज ७० च्या खाली गेलं, तर शुगर-फ्री बिस्कीट कामाचं नाही, कारण त्यात साखर नाही आणि फॅटमुळे पचनही मंदावतं. तेव्हा झटपट मिळणारी १५ ग्रॅम साखर हवी. संत्र्याच्या साध्या गोड ड्रिंकच्या बाटलीवर १०० मिलीला १३ ग्रॅम लिहिलं असेल, तर सुमारे ११५ मिली, म्हणजे चहाचा पाऊण कप, पुरे. १५ मिनिटांनी परत तपासा. आकडा अजून ७० च्या खालीच असेल, तर तेवढंच पुन्हा प्यायचं. माणूस शुद्धीत नसेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही ओतू नका, तडक दवाखाना गाठा.