कोऱ्या कापडाची खळ

बाजारातून आणलेले कापड पहिल्यांदा पाण्यात जाईपर्यंत त्याला कोरे म्हणतात. हाताला लागणारा ताठपणा, घडी उलगडताना होणारी करकर आणि तो विशिष्ट वास ही कोरेपणाची ओळख. ताठपणा मूळ कापसाचा नसतो. सूत मागावर टिकावे म्हणून किंवा कापड दुकानात देखणे दिसावे म्हणून लावलेल्या खळीचा तो असतो. खळ म्हणजे मका, टॅपिओका, बटाटा अशा पिकांतला स्टार्च पाण्यात शिजवून केलेली पातळ पेज. एकाच खळ या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि पहिल्या धुण्यात त्या सारख्या वागत नाहीत. ‘धुतले तरी कडकच राहिले’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हाच गोंधळ असतो.

कोल्हापूर जिल्ह्यात हा विषय घराघरांत ठाऊक असलेला. शाहू महाराजांनी 1906 मध्ये कोल्हापुरात कापड गिरणी उभी केली. त्याच्या आधीच, 1904 मध्ये, इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला होता. पुढे इचलकरंजी यंत्रमागांचे गाव झाले आणि ‘सायझिंग’ हा शब्द तिथल्या मराठीत इतका मुरला की त्याला दुसरा शब्द शोधायची गरज कुणाला पडत नाही. सुताच्या उभ्या धाग्यांना खळ लावून ते बीम नावाच्या मोठ्या रुळावर गुंडाळून देणारा कारखाना तो सायझिंग.

सायझिंग कशासाठी लागते, हे मागाजवळ उभे राहिले की कळते. कापडातला उभा धागा वही म्हणजे धागे वरखाली उचलणाऱ्या चौकटीच्या डोळ्यातून आणि फणीच्या दातांमधून ओवलेला असतो. वही दर फेऱ्याला वरखाली होते, फणी पुढेमागे आपटते, शेजारचे धागे एकमेकांना घासतात. कापडात इंचाला 60 आडवे धागे असतील, तर उभ्या धाग्याचा एखादा बिंदू वही-फणीच्या पट्ट्यातून 10 इंच पुढे सरकेपर्यंत 600 फटके खातो. एकेरी सुताला बारीक तंतूंची लव सुटलेली असते. ती घासून फुगते, शेजारच्या लवेत अडकते आणि धागा तुटतो. आडव्या धाग्याला हा छळ नाही. तो कांडीवरून सुटतो, धोट्यातून एकदा आरपार जातो आणि कापडात बसतो. म्हणून खळ फक्त उभ्या धाग्यांना देतात.

सायझिंगमध्ये स्टार्च साधारण 90 ते 95 अंश सेल्सिअस तापमानाला शिजवतात. त्यात सूत लवचीक राहावे म्हणून थोडे मेण किंवा चरबी, आणि बुरशी धरू नये म्हणून एखादे औषध घालतात. शेकडो धाग्यांची चादर या गरम खळीतून जाते, रुळांमध्ये पिळली जाते आणि वाफेने तापलेल्या मोठ्या ढोलांवर वाळते. वाळताना शेजारचे धागे एकमेकांना चिकटतात, म्हणून पुढे दांड्या घालून ते सुटे करतात. सुती धाग्यावर त्याच्या वजनाच्या 8 ते 15 टक्के खळ चढते. कमी चढली तर मागावर धागे तुटत राहतात. जास्त चढली तर धागा ठिसूळ होतो आणि खळीची भुकटी मागाखाली सांडते.

आता ताठपणाचे कारण. 40 नंबरच्या सुताच्या एका धाग्यात, कुठेही आडवा छेद घेतला तर, शंभराच्या आसपास कापसाचे तंतू असतात. धागा वाकवला की हे तंतू एकमेकांवरून जरासे घसरतात. आपल्याला मऊपणा म्हणून जाणवते ते हे घसरणेच. शंभर पानी वही सहज वाकते, पण तीच पाने गोंदाने एकमेकांना चिकटवली तर पुठ्ठा होतो. कागद तोच असतो, फक्त पाने सुटी राहिलेली नसतात. खळ धाग्याभोवती पापुद्रा धरते, काही आतही शिरते आणि तंतू जखडून टाकते. कोरे कापड चुरगाळले की जी करकर येते ती हा पापुद्रा मोडण्याची.

दुसरी खळ कापड विणून झाल्यावरची. मागावरून उतरलेले मळकट कापड प्रोसेसला जाते. तिथे पहिले काम सायझिंगची खळ काढण्याचे, कारण ती राहिली तर रंग डागाडागांनी चढतो. स्टार्च तोडणाऱ्या अमायलेज या विकरात कापड मुरवून ठेवतात. खळीचे तुकडे होऊन ते पाण्यात विरघळतात. नंतर कापड उकळतात, पांढरे करतात, रंगवतात. आणि मग, गंमत म्हणजे, शेवटी पुन्हा पातळ खळ देऊन गरम रुळांखाली दाबतात. त्याने विरळ कापड भरीव वाटते, घडी नीट बसते आणि चकाकी येते. या फिनिशच्या खळीने फसवणूकही होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात कापूस मिळेना, तेव्हा इंग्लंडातल्या गिरण्यांनी खळीत चिनी माती घालून कापडाचे वजन वाढवायची सवय लावून घेतली. असला माल भारतात भरपूर यायचा. धुतल्यावर हातात जाळी उरायची.

आपल्या हातातल्या कापडात यांपैकी कोणती खळ आहे, हे घरी तपासता येते. जखमेला लावायचे आयोडिनचे तांबूस द्रावण घ्यावे. कोऱ्या मांजरपाटाच्या कडेचे चार उभे आणि चार आडवे धागे उसवून काढावेत. उभे धागे कडेच्या किनारीला समांतर असतात. औषध लावण्याआधीच फरक दिसतो. उभा धागा एका टोकाला धरला तर बारीक तारेसारखा उभा राहतो, आडवा मान टाकतो. आता दोन्हींवर पाण्यात पातळ केलेल्या आयोडिनचा थेंब सोडावा. मांजरपाटाचा उभा धागा काळानिळा पडतो, आडवा फक्त पिवळट राहतो. खळ एकाच बाजूला आहे, म्हणजे ती सायझिंगची. धुवट पांढऱ्या शर्टपीसवर हाच प्रयोग केला आणि दोन्ही धागे निळे झाले, तर ती फिनिशची. चाचणी फक्त स्टार्चची आहे, हे मात्र विसरू नये. पॉलिएस्टर मिसळलेल्या सुताला पुष्कळदा कृत्रिम खळ देतात. ती आयोडिनला अशी ओळख देत नाही, त्यामुळे निळा रंग आला नाही एवढ्यावरून खळच नाही असे ठरत नाही.

पहिल्या धुण्यात नेमके काय जाते ते मांजरपाटाच्या पाच मीटर तुकड्यावर पाहू. सोयीसाठी पन्हा एक मीटर आणि वजन दर मीटरला 120 ग्रॅम धरू. त्यात सूत 112 ग्रॅम असेल आणि त्यातले 67 ग्रॅम उभे असेल, तर 12 टक्क्यांच्या हिशेबाने खळ 8 ग्रॅम होते. पाच मीटरला 40 ग्रॅम, म्हणजे जवळपास पाच मोठे चमचे मक्याचे पीठ. हे कापड गार पाण्यात तासभर भिजवले की पाणी गढूळ होते आणि बोटांना बुळबुळीत लागते. पण वाळलेला स्टार्चचा पापुद्रा गार पाण्यात विरघळत नाही, नुसता फुगतो. चोळल्यावर जेवढा सुटेल तेवढाच निघतो. कापड वाळले की उरलेली खळ पुन्हा घट्ट होते आणि ताठपणा परत येतो. फिनिशची खळ मात्र पातळ आणि वरवरची असल्याने एकदोन साध्या धुण्यांतच बरीचशी निघून जाते.

सायझिंगची खळ काढायची तर कापड रात्रभर साध्या पाण्यात ठेवावे. सकाळी ते पाणी टाकून द्यावे, मग हात पोळेल इतक्या गरम पाण्यात साबण घालून अर्धा तास ठेवून चोळावे आणि दोनदा खळबळावे. गरम पाण्यात फुगलेला पापुद्रा सैल पडून सुटतो. आयोडिनची चाचणी पुन्हा घ्यायची असेल तर कापड नीट खळबळून गार होऊ द्यावे, कारण ऊन कापडावर निळा रंग उमटतच नाही आणि साबणाचा अंश राहिला असेल तरी तो फिका पडतो. डाग फिकट निळा आला तर तेच एकदा पुन्हा करावे. रंगीत कापडाला मात्र हा गरम पाण्याचा मार्ग नको. त्यातून सुटा रंगही निघतो आणि शेजारच्या कपड्यांवर बसतो.

भिजवलेले कापड दुसऱ्या रात्रीपर्यंत बादलीत विसरले तर आंबूस वास सुटतो. हवेतले जंतू खळ खायला लागलेले असतात. विकरे बाजारात येण्यापूर्वी खळ काढायची एक रीत हीच होती. कापड ओले करून ठेवायचे आणि आंबू द्यायचे. वेळ चुकली तर खळीबरोबर कापूसही कुजायचा, म्हणून ती मागे पडली. कारखान्यातून निघणाऱ्या खळीच्या पाण्याचा त्रासही याच कारणाने होतो. स्टार्च विषारी नाही, पण तो खाताना जंतू पाण्यातला प्राणवायू संपवतात. पंचगंगेसारख्या नदीत असे पाणी प्रक्रिया न करता गेले, तर मासे गुदमरतात.

पहिल्या धुण्यात न जाणाऱ्याही गोष्टी आहेत. कापसाच्या तंतूवर निसर्गतःच मेणाचा थर असतो. कोऱ्या मांजरपाटावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा उभा राहतो तो बराचसा या मेणामुळे, आणि ते जायला सोड्याच्या पाण्यात उकळावे लागते. चक्का टांगायला कोरे मांजरपाट नुसते खळबळून घेतले की पाणी रात्रभर थेंबथेंब गळत राहते आणि दही आंबते, ते म्हणूनच. सुरकुती न पडणाऱ्या शर्टांचा राळेचा थर तंतूला पक्का जोडलेला असतो. धुण्याने त्याचा फक्त सुटा अंश आणि वास कमी होतो.

एक गोष्ट खळीबरोबर जात नाही, पण तिच्या जाण्याने उघड होते, ती म्हणजे आटणे. उभे धागे सायझिंगमध्ये आणि मागावर ताणलेले असतात. पाण्यात खळीची पकड सुटते, कापूस फुगतो आणि धागे मूळ लांबीकडे परततात. म्हणून कापड लांबीत जास्त आटते, पन्ह्यात कमी. कोल्हापुरातला शिंपी माप घेण्याआधी विचारतो, ‘‘कापड पाण्यातनं काढून आणलासा का?’’ प्रश्न शिवलेला झब्बा पुढे आखूड होऊ नये म्हणून असतो. पाण्यातून काढायचे ते खळबळून पिळण्याइतके नव्हे, तर पूर्ण भिजवून, न ताणता वाळवून. दोरीवर ओढून घातले तर आटणे अर्धवट राहते आणि दुसऱ्या धुण्यात उरलेले होते.

नऊवारी किंवा धोतर धुतल्यावर साबुदाण्याची खळ घालून पुन्हा परीटघडी करणारी घरे अजून आहेत. ती खळ घरची, पातळ, दर धुण्याला निघणारी आणि दर वेळी नव्याने घातली जाणारी असते. ट्रंकेत वर्षभर ठेवायच्या कापडाला मात्र ती देऊ नये, आणि कोरे कापडही पावसाळ्यात तसेच ठेवू नये. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत खळीवर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि कसर आधी खळ असलेल्या घड्या शोधते. ठिपके एकदा तंतूत उतरले की खळ गेली तरी ते निघत नाहीत.