'आधी दारू, तंबाखूचं नंतर बघू' हा सल्ला आला कुठून?

मुंबईत दारू सोडणाऱ्यांच्या बैठका संध्याकाळी भरतात. एखाद्या शाळेच्या वर्गात, नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये. बैठक सुटली की दाराबाहेर चहा येतो, कुणी सिगारेट पेटवतं, कुणी तळहातावर तंबाखू घेऊन चुना लावून मळायला लागतं. नव्याने आलेला माणूस विचारतो, हेही सोडायचं का? जुने सभासद म्हणतात, "एका वेळी एकच. आधी दारू सुटू दे, तंबाखूचं नंतर बघू." हे अगदी प्रेमाने सांगितलं जातं. सांगणाऱ्याने पुन्हा पिऊ लागलेली माणसं पाहिलेली असतात, आणि समोरच्याचं तसं होऊ नये एवढीच त्याची इच्छा असते.

हा सल्ला फार जुना आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांच्या अशा बैठका भरवणारी चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेत अॅक्रन गावी सुरू झाली. १९३९ साली निघालेल्या तिच्या मूळ पुस्तकात एका सभासदाचा किस्सा आहे. तो सिगारेट आणि कॉफी खूप प्यायचा. बायकोने त्यावरून टोकलं, तो भडकला आणि पुन्हा दारू प्याला. नव्याने सावरणाऱ्या माणसाच्या मागे दुसऱ्या सवयींसाठी लागू नका, हा त्याचा रोख. त्या काळी सिगारेटचं नुकसान नीट सिद्ध झालेलं नव्हतं, त्यामुळे हा रोख तेव्हा समजण्यासारखा होता. पण चळवळीचे एक संस्थापक बिल विल्सन १९३४ पासून दारूपासून दूर राहिले आणि सिगारेट मात्र अनेक दशकं ओढत राहिले. १९७१ च्या जानेवारीत ते गेले. एम्फिसीमा या दम कोंडणाऱ्या आजाराने फुफ्फुसं निकामी झाली होती.

ही एका माणसाची गोष्ट नव्हती, हे १९९६ मध्ये आकड्यांत दिसलं. मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी १९७२ ते १९८३ या काळात व्यसनमुक्ती विभागात दाखल झालेल्या ८४५ जणांचं पुढे काय झालं ते शोधलं. त्यांपैकी २२२ जण मरण पावले होते. निम्म्याहून किंचित जास्त मृत्यूंचं मूळ तंबाखूशी निगडित होतं, आणि दारूशी निगडित मृत्यू होते सुमारे एक तृतीयांश. ज्या व्यसनासाठी ही माणसं दाखल झाली होती, त्यापेक्षा 'नंतर बघू' म्हणून सोडलेल्या व्यसनाने जास्त बळी घेतले होते.

मग दोन्ही एकदम सोडायला लावावं का? इथे २००४ साली आलेल्या दोन अभ्यासांमुळे गोंधळ झाला, आणि तो अजून टिकून आहे. एका अभ्यासात दारूवर उपचार घेणाऱ्या ४९९ धूम्रपान करणाऱ्यांचे दोन गट केले. एकाला सिगारेट सोडण्याची मदत लगेच दिली, दुसऱ्याला सहा महिन्यांनी. दीड वर्षाने सिगारेट सुटलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच निघालं, पण दारूपासून दूर राहिलेले लोक उशिरा मदत मिळालेल्या गटात जास्त होते. त्याच वर्षी १९ चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात व्यसनमुक्तीच्या उपचारांबरोबर तंबाखू सोडण्याची मदत मिळालेल्यांमध्ये दारू आणि इतर नशांपासून दीर्घकाळ दूर राहण्याची शक्यता २५ टक्क्यांनी जास्त दिसली.

परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन निष्कर्षांमागे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि बहुतेक चर्चेत हेच निसटतं. पहिल्या अभ्यासाचा प्रश्न होता, मदत आज द्यायची की सहा महिन्यांनी? दुसऱ्याचा प्रश्न, मदत द्यायची की द्यायचीच नाही? वेळेबद्दल शंका घेता येते, मदत द्यावी की नाही याबद्दल नाही. २०१६ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात ३५ चाचण्या तपासल्या गेल्या. तंबाखू सोडण्याच्या मदतीने तंबाखू सुटण्याचं प्रमाण वाढलं आणि दारूच्या बाबतीत नुकसान झाल्याचा पुरावा मिळाला नाही. शिवाय पहिल्या अभ्यासातच एक बारकावा आहे. उशिराच्या गटातले फक्त दोन तृतीयांश लोक प्रत्यक्ष मदत घ्यायला आले. लगेचच्या गटातले तीन चतुर्थांशाहून जास्त आले होते. 'नंतर' म्हटलं की काहीजण येतच नाहीत. तिथे तर नंतरची तारीख ठरलेली होती. आपल्या बैठकांतल्या 'नंतर'ला तारीखच नसते, आणि माझ्या मते खरी चूक तिथे आहे.

मुंबईसाठी या अभ्यासांची एक मर्यादा आहे. त्यांतले बहुतेक लोक सिगारेट ओढणारे होते. महाराष्ट्रात तंबाखू मुख्यतः तोंडात असते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यात ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे कितीतरी पट जास्त निघाले. कापसाच्या गिरणीत बिडी पेटवणं म्हणजे आगीला निमंत्रण, त्यामुळे गिरणगावात गालात धरलेली चिमूट सोयीची होती. २०१२ मध्ये राज्याने गुटख्यावर बंदी घातली, तरी चुना-तंबाखूची पुडी टपरीवर मिळतच राहिली. आणि तोंड हीच ती जागा जिथे दारू आणि तंबाखू एकमेकांचं नुकसान नुसतं वाढवत नाहीत, गुणत नेतात. १९८८ च्या एका अमेरिकन अभ्यासात दोन्ही भरपूर करणाऱ्यांना तोंड-घशाच्या कर्करोगाचा धोका ३५ पटींहून जास्त आढळला होता.

आता लालबागचा एक ५२ वर्षांचा माणूस डोळ्यांसमोर आणू. हे उदाहरण कल्पित आहे, पण अशी माणसं नेहमी दिसतात. रोज दोन क्वार्टर, सकाळी डोळे उघडल्यावर दहा मिनिटांत पहिली चिमूट. दारू त्याने घरी एकदम बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रम होऊ शकतो. म्हणून तो रुग्णालयात दाखल होतो, आणि वॉर्डात तंबाखू चालत नाही. म्हणजे दोन्ही आपोआप एकदम बंद झाली, फक्त एकावर उपचार चालू आहेत. तिसऱ्या दिवशी तो चिडतो, झोप नाही, घरी जायचं म्हणतो. हे कशाचं? नाडी धावत असेल, घाम आणि हाताला कंप असेल तर दारूचं. नाडी नेहमीपेक्षा मंद, भूक वाढलेली आणि नुसती चिडचिड असेल तर तंबाखूचं असण्याची शक्यता जास्त. दोन्ही मिसळलेलीही असतात, म्हणून पहिल्या चार-पाच दिवसांत निर्णय डॉक्टरांचाच.

अशा माणसाला निकोटिन गम पहिल्या दिवसापासून देता येतो. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत तंबाखू लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा. तंबाखू खाणारे इथे हमखास चुकतात. ते गम तंबाखूसारखा सतत चघळतात आणि रस गिळतात, मग उचकी लागते, मळमळतं, आणि 'हा आपल्याला सोसत नाही' म्हणून गम बंद होतो. चार-सहा वेळा चावून जिभेला झिणझिणी आली की तो गालात ठेवून द्यायचा, झिणझिणी गेली की पुन्हा चावायचा, असं अर्धा तास. त्याआधी पाव तास चहा-कॉफी नाही, कारण आंबट तोंडात निकोटिन शोषलं जात नाही. आणि सुपारीमुळे तोंडात तीन बोटं उभी जात नसतील तर गमचा आग्रह न धरता निकोटिनचा पॅच लावावा. बुप्रोपियॉन हे तंबाखू सोडवणारं औषध मात्र दारू नुकतीच तोडलेल्याला देऊ नये, फिटची शक्यता त्याने वाढते.

आणि त्याने सरळ सांगितलं की तंबाखू आत्ता नाही, तर? त्याला बैठकीतून किंवा उपचारांतून हाकलू नये. दारूचे उपचार पूर्ण करू द्यावेत. पण वॉर्डातून निघताना कागदावर तारीख लिहावी, सहा महिन्यांच्या आतली. त्या दिवशी त्याला फोन कोण करणार, त्याचं नाव तारखेशेजारीच लिहावं. बैठकीतला त्याचा प्रायोजक, म्हणजे त्याला सांभाळून घेणारा जुना सभासद, तंबाखू सोडलेला असेल तर तोच. नसेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला फोनवर मदत करणाऱ्या राष्ट्रीय क्विटलाइनचा क्रमांक त्याच कागदावर असावा.