बोर्डाला १२ व्होल्टचा सायरन जोडण्याविषयी

सोलापुरातील यंत्रमाग कारखान्यांत आमचा ५ व्होल्टचा नियंत्रक बोर्ड वापरणारे ग्राहक पुष्कळदा सायरन थेट बोर्डाच्या पिनला जोडतात. तसे करू नये. पिनमधून २० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह घेणे सुरक्षित असते, तर १२ व्होल्टच्या लहान सायरनला २०० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. शिवाय पिनवर १२ व्होल्ट उलटे आल्यास मायक्रोकंट्रोलर निकामी होतो. म्हणून मध्ये २एन२२२२ ट्रान्झिस्टर बसवावा. हाताशी असलेला बीसी५४७ येथे चालत नाही, कारण त्याची मर्यादाच १०० मिलिअँपिअर आहे.

सायरनची लाल तार १२ व्होल्टला, काळी तार कलेक्टरला आणि एमिटर ग्राउंडला जोडावा. बोर्डाचे आणि १२ व्होल्ट पुरवठ्याचे ग्राउंड एकच असले पाहिजे. पिन ९ आणि बेस यांच्यामध्ये ३९० ओहमचा रोध घातला की बेसमध्ये सुमारे १० मिलिअँपिअर प्रवाह जातो आणि ट्रान्झिस्टर पूर्ण चालू होतो. बेस आणि एमिटर यांच्यामध्ये १० किलोओहमचा रोधही जोडावा. तो नसेल तर वीज आल्यावर, पिन अजून इनपुट अवस्थेत असताना, सायरन क्षणभर उगाच वाजू शकतो. सायरनच्या दोन तारांवर १एन४००७ डायोड, त्याची पट्टी लाल तारेकडे ठेवून, उलटा बसवावा.

ट्रान्झिस्टर हाताला चटका बसण्याइतका तापत असेल, तर सायरन वाजत असताना कलेक्टर आणि एमिटर यांच्यामधील व्होल्टेज मल्टिमीटरने मोजावे. ते ०.३ व्होल्टच्या आसपास असावे. एक-दोन व्होल्ट दिसत असतील, तर बेसला प्रवाह अपुरा पडतो आहे किंवा सायरन अपेक्षेपेक्षा जास्त प्रवाह ओढतो आहे, असे समजावे.

अशा सायरनमध्ये सूर निर्माण करणारे सर्किट आतच असते. त्यामुळे `tone()` वापरल्यास आवाज फाटतो. इशारे सुरावरून नव्हे, तर वाजण्याच्या कालावधीवरून ओळखू यावेत. मिनिटाला सुमारे १२० ठोके घेणाऱ्या मागाचा ठोका दर अर्ध्या सेकंदाला पडतो आणि तेवढ्याच लांबीचे तुटक भोंगे त्या खडखडाटात विरून जातात, म्हणून एका सेकंदाहून लहान भोंगा आम्ही सुचवत नाही. धागा तुटल्यास एक सेकंद वाजून तीन सेकंद शांत, आणि मोटर तापल्यास तीन सेकंद वाजून एक सेकंद शांत, एवढा फरक कामगाराला दुसऱ्या टोकालाही कळतो.

```
unsigned long t = (millis() - alertStart) % 4000;
digitalWrite(9, t < onTime ? HIGH : LOW);
```

इशारा सुरू होताच `alertStart` मध्ये `millis()` ची किंमत साठवावी. `onTime` धाग्यासाठी 1000, मोटरसाठी 3000 आणि बिघाड नसताना 0 ठेवावा. या दोन ओळी `loop()` मध्ये सतत चालल्या पाहिजेत. येथे `delay()` वापरल्यास भोंगा वाजत असेपर्यंत बोर्ड मोटरचे तापमान वाचतच नाही. दोन्ही बिघाड एकाच वेळी आले, तर मोटरच्या इशाऱ्याला प्राधान्य द्यावे.