बिडाचा तवा गंजला, पैसे परत मिळतील का?

हा प्रश्न पावसाळ्यात आमच्याकडे फार येतो, म्हणून उत्तर सरळ लिहून देतोय. गंजासाठी आम्ही पैसे परत करत नाही, पण तवा बदलून देतो किंवा पूर्ण रकमेची क्रेडिट स्लिप देतो.

परवाचंच सांगतो, एका ताईंनी १,१५० रुपयांचा १० इंची तवा नेला, बारा दिवस घावन छान निघाले आणि मग एका रात्री तवा साबणाच्या पाण्यात सिंकमध्येच राहिला, सकाळी बघतात तर सगळा तांबूस. ताई नाराज झाल्या, साहजिकच आहे, नवी वस्तू अशी दिसली की कुणालाही वाईट वाटेल. त्यांनी तवा आणला तेव्हा आम्ही त्यांच्यासमोरच तपासला. फडक्याने पुसलं तर तांबडी पूड फडक्यावर आली म्हणजे गंज वरवरचा होता, बोटाला खड्डा लागत नव्हता, ओट्यावर ठेवून दाबला तर डुगडुगला नाही आणि लाटण्याने टकटक केल्यावर स्वच्छ टणटण वाजला. तडा असता तर आवाज बद्द आला असता. म्हणजे ओतकामात दोष नव्हता, फक्त तेलाचा थर निघून गेला होता, आणि बिडाला पाण्यापासून वाचवतो तो हाच थर.

म्हणून ताईंना सांगितलं की पैसे परत देता येणार नाहीत, कारण वापरलेला तवा आम्ही नवा म्हणून कुणाला विकत नाही आणि यात माल खराब निघालेला नाही. पण तुम्हाला गंजलेला तवा घेऊन घरी पाठवणार नाही, एकतर आत्ता दुसरा तयार तवा न्या, वर एक रुपया द्यायचा नाही, नाहीतर १,१५० ची स्लिप घ्या, सहा महिन्यांत दुकानातलं काहीही घ्या, कढई, आप्पेपात्र काहीही. त्यांनी तवाच नेला. बदली एका बिलावर एकदाच मिळते, तेवढं लक्षात ठेवा.

आता तडा, आरपार भोक किंवा डुगडुगणारा तळ असं मूळचं काही निघालं तर गोष्ट वेगळी. बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत आणा, हवे असतील तर पैसेच परत देऊ, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तो तुमचा हक्कच आहे, तिथे स्लिप घ्या म्हणून आम्ही आग्रह करणार नाही. फक्त तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नका, त्यानेही तडा जातो आणि तो तडा आम्ही मूळचा दोष धरत नाही.

आणि बदलायला यायच्या आधी घरी एकदा करून बघा, बहुतेक तवे यातच सुधारतात. काथ्याने गंज घासून काढा, लगेच मंद गॅसवर पूर्ण कोरडा करा, मग अगदी थोडं तेल चोळून जास्तीचं पुसून घ्या (तेल जास्त झालं की तवा चिकट होतो) आणि धूर येईपर्यंत तापवा, गार झाला की पुन्हा, असं तीनदा. तरी नाही जमलं तर बिल आणि तवा घेऊन या.