इंग्रजी शिव्यांची शिडी: कुठून आली आणि मधेच दोन कशा झाल्या

पणजी-म्हापशाकडं स्पोकन इंग्लिशच्या नोट्समधे किंवा यूकेला निघालेल्यांच्या ग्रुपवर एक तक्ता फिरताना दिसतो. खाली 'सिली', मग 'इडियट', मग 'ब्लडी', 'क्रॅप', 'शिट', 'बास्टर्ड', आणि शेंड्यावर एफवाला आणि सीवाला शब्द. खालचे चालतील, वरचे तोंडातून काढू नका, असा त्याचा अर्थ. हा तक्ता कुणी मास्तरानं बसून काढलेला नाही, त्याचं मूळ ब्रिटिश टीव्हीत आहे. रात्री ९ च्या आधी, म्हणजे पोरं जागी असताना, कुठला शब्द ऐकवायचा आणि कुठला नाही हे ठरवायला तिथं लोकांना विचारून याद्या केल्या गेल्या, आणि भाषा शिकणाऱ्यांनी त्याच उचलल्या.

त्याच्या आधीची गोष्ट थोडक्यात. पूर्वी इंग्रजीत जड शिवी म्हणजे देवाची. १६०६ साली इंग्लंडात कायदाच झाला की नाटकात देवाचं नाव टवाळीनं घेतलं तर १० पाउंड दंड. पुढं देव हलका होत गेला आणि शरीर जड होत गेलं. मधल्या काळात 'ब्लडी'ची चलती होती, १९१४ मधे लंडनच्या एका नाटकात नायिकेनं तो भर रंगमंचावर म्हटला तर पेपरांना कितीतरी दिवस तेवढाच विषय पुरला. आज तोच शब्द शिडीच्या तळाशी आहे.

आपल्याकडं मात्र तो तळाशी गेलाच नाही. गोव्यात १९६१ पर्यंत सरकारी भाषा पोर्तुगीज, इंग्रजी आली ती मुंबईहून आणि बोटीवर काम करणाऱ्यांच्या तोंडून, आणि त्या इंग्रजीतल्या शिव्या जुन्या वजनासकट इथं राहिल्या. म्हणून 'ब्लडी फूल' म्हटलं की इथं अजून भांडण पेटतं. 'रास्कल' तर विचारूच नका, आपल्याकडं तो व्हिलनला घालायचा शब्द, आणि ब्रिटनमधे आजी खोडकर नातवाला लाडानं म्हणते. त्या याद्यांत तो शोधून सापडत नाही.

आता मुख्य भाग. २००० साली ब्रिटनमधल्या प्रसारण आणि जाहिरात क्षेत्रातल्या चार संस्थांनी मिळून २८ शब्दांची क्रमवारी काढली. लोकांना प्रत्येक शब्द दाखवून विचारलं, फार वाईट, बऱ्यापैकी वाईट, सौम्य, की ही शिवीच नाही? सीवाला पहिला आला, एफवाला तिसरा, 'ब्लडी' सत्ताविसावा. क्लासमधला तक्ता आला तो अशाच याद्यांतून, एकच रांग आणि प्रत्येकाला नंबर. पण त्याच रांगेत काळ्या माणसाला म्हणायचा एनवाला शब्द होता आणि 'पाकी' पण होता. दोन वर्षांपूर्वीच्या तशाच यादीत एनवाला ११ वा आणि 'पाकी' १७ वा होता, २००० मधे ते ५ व्या आणि १० व्या जागी चढले. बाकीचे फारसे हलले नाहीत, हे दोन भराभर वर.

इथंच रांगेची अडचण दिसते. दारात बोट चेमटल्यावर माणूस ओरडतो तो एफवाला शब्द कुणालाच उद्देशून नसतो. 'पाकी' मात्र नेहमी कुणाला तरी असतो, आणि पाकिस्तानशी त्याचा संबंध असायची गरजच नाही. स्विंडनमधे पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेली आपली किती माणसं राहतात, गोदामात कामं करतात. तिथं कुणी हा शब्द फेकला तर 'अरे मी गोव्याचा' सांगून काही फरक पडत नाही, कारण म्हणणाऱ्याला दक्षिण आशियातला कुठलाही सावळा माणूस चालतो. दिसायला तो साधा छोटा केलेला शब्द वाटतो, ब्रिटिशचा 'ब्रिट' करतात तसाच, म्हणून शिकणाऱ्याला त्याचा धोका कळत नाही.

२०१६ मधे तिथल्या प्रसारण नियामकानं ही रांग मोडली. सर्वसाधारण शिव्या एका बाजूला, त्यांना सौम्य, मध्यम, तीव्र, अतितीव्र असे टप्पे. वंश, अपंगत्व, लैंगिकता यांवरून माणसाला हिणवणारे शब्द वेगळ्या गटात, आणि त्यांचं वजन संदर्भासकट बघायचं. २०२१ च्या पाहणीत हेच पक्कं झालं, लोक साध्या शिव्यांना आधीपेक्षा सरावलेत पण भेदभावाच्या शब्दांवर जास्त भडकतात. यावर वाद आहेच. काही शिक्षक म्हणतात नवख्या माणसाला दोन शिड्या देऊन गोंधळ कशाला, एक नंबर द्या, तो लक्षात राहतो. मला हे पटत नाही. आपण 'मेल्या' म्हणतो तेव्हा समोरच्याच्या मरणावर कुणी टपलेलं नसतं, पण जातीवरून कुणी काय म्हटलं तर तिथं लाड संपतो, हा फरक इथल्या शेंबड्या पोराला पण कळतो. मग इंग्रजीतला का नाही कळणार?

एका नंबरानं काय घोटाळा होतो हे 'स्पास्टिक' या शब्दावर नीट दिसतं. मुळात हा डॉक्टरी शब्द, स्नायू आखडलेले असणं. ब्रिटनमधे अशा मुलांसाठी काम करणाऱ्या मोठ्या संस्थेच्या नावातच तो होता. १९८१ मधे मुलांच्या एका लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमात सेरेब्रल पाल्सी असलेला एक माणूस दाखवला, हेतू चांगला होता, पण शाळांच्या मैदानात पोरांनी ती चिडवायची तऱ्हाच करून टाकली. शेवटी १९९४ मधे संस्थेनं नावच बदललं. अमेरिकेत हे काही घडलंच नाही, तिथं त्याचं छोटं रूप 'स्पॅझ' म्हणजे नुसता धांदरट, गडबडलेला. म्हणून २००६ मधे एक अमेरिकन गोल्फपटू स्वतःच्याच खराब खेळाला तो शब्द वापरून बसला आणि ब्रिटनमधे बोंब झाली, त्याला माफी मागावी लागली. २०२२ मधे दोन अमेरिकन गायिकांना एकाच उन्हाळ्यात गाण्याचे बोल बदलावे लागले, कारण तेच. भारतात तर हा शब्द अजून काही संस्थांच्या पाटीवर आहे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. २००० च्या रांगेत तो कुठं होता? मधेच, 'शिट'च्या आसपास. म्हणजे तक्ता पाठ करून गेलेला आपला मुलगा लंडनमधे ते दोन्ही शब्द सारख्याच वजनाचे समजणार.

आणि टीव्हीची यादी कामाच्या जागी लागू होत नाही, हे तक्त्यावर कुठंच लिहिलेलं नसतं. ब्रिटनमधे २०१० चा समानता कायदा आहे, त्यात वंश किंवा अपंगत्वावरून बोललेला शब्द समोरच्याचा अपमान करणारा ठरला तर तो छळ धरला जाऊ शकतो, बोलणाऱ्याचा हेतू चेष्टेचा होता की नाही हा नंतरचा प्रश्न. फोर्कलिफ्टखाली खोका चिरडला म्हणून एफवाला शब्द काढलात तर बहुतेक ठिकाणी सुपरवायझर डोळे वटारेल किंवा तोंडी समज देईल. शेजारच्या टेबलावरच्या पोलिश किंवा नायजेरियन माणसाला त्याच्या देशावरून काही म्हणालात तर एचआरचं पत्र येतं, मग तो शब्द तक्त्यात कितीही खाली असो किंवा तक्त्यात नसोही.