मेन बंद केला, तरी पंखा फिरतोय?

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की कूलर दिवसरात्र चालतो. त्याच एक्स्टेन्शन बोर्डावर कुणी इस्त्रीही लावतं. दोन्ही मिळून साधारण साडेपाच अँपियर वीज ओढतात. जास्त वीज वाहिली की आपोआप पडणारा स्विच म्हणजे एमसीबी; १० अँपियरच्या एमसीबीला यात काहीच वावगं दिसत नाही. पण बोर्डाची पिन सॉकेटमध्ये ढिली बसली असेल, तर त्या सांध्यात अडथळा तयार होतो. तो जेमतेम ०.८ ओहम असला, तरी तिथे सुमारे २४ वॅट उष्णता निर्माण होते. सोल्डरिंगचं लहान यंत्र जेवढं तापतं, तेवढी उष्णता एवढ्याशा पिनेवर! आधी पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडतं, जळका वास येतो, चरचर ऐकू येते. मग ज्वाळा. एमसीबी मात्र पडत नाही, कारण तिच्या दृष्टीने वीज मर्यादेतच वाहत असते.

अशा वेळी हात आपसूक जातो तो कूलरशेजारच्या बादलीकडे. तिथेच थांबा. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे त्यातून वीज वाहते. पाणी फेकलं की सॉकेट, ओली फरशी आणि तुमचे पाय एकमेकांना जोडले जाऊ शकतात. शरीरातून काही दशांश मिलीअँपियर गेले तर फक्त मुंग्या येतील, पण ३०–४० मिलीअँपियरच्या पुढे हृदयाचे ठोके बिघडू शकतात. १० अँपियरची एमसीबी एवढ्याशा विजेला दादही देत नाही.

म्हणून आधी वीज तोडायची. जळती पिन ओढू नका, मेन स्विच पाडा. आणि आता वर बघा: पंखा फिरतोय का? फिरत असेल तर घरातल्या इन्व्हर्टरने भार उचलला आहे. आपल्याकडे कूलरचा सॉकेटही बरेचदा इन्व्हर्टरच्याच लाइनवर असतो. म्हणजे मेन पडूनही तो जिवंतच. इन्व्हर्टरचा स्विचही बंद करा. मला हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण घाबरलेल्या माणसाला ती आठवत नाही. मेन किंवा इन्व्हर्टर धुराच्या पलीकडे असेल, तर तिकडे जाऊ नका.

विझवायला कार्बन डायऑक्साइडचा किंवा एबीसी पावडरचा सिलिंडर चालतो. दोन्हींतून वीज वाहत नाही. पाण्याचा किंवा फोमचा नको. दाराकडे पाठ ठेवून, किमान एक मीटर अंतरावरून ज्वाळेच्या बुडाशी मारा. कार्बन डायऑक्साइडच्या भोंग्याला हात लावू नका, तो बर्फासारखा गार पडून कातडी भाजते, आणि बंद खोलीत हा वायू श्वास कोंडतो. तो राख-पावडर मागे ठेवत नाही, पण लवकर उडूनही जातो. सॉकेट आतून तापलेलंच असेल तर पुन्हा पेट घेतो, म्हणून थोडा वेळ नजर ठेवा.

पडदा किंवा गादी पेटली, किंवा खोलीत धूर भरला, तर सिलिंडरचा नाद सोडा. सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि १०१ किंवा ११२ लावा. वीज तोडल्याचं आल्या आल्या अग्निशमनच्या जवानांना सांगा आणि इन्व्हर्टरची बॅटरी कुठे आहे तेही दाखवा.